अठरा सेकंदांचं उत्तर

फोन आला तेव्हा मी धाकट्याच्या शाळेच्या पँटची दुमड उसवत होते. एक पाय उसवून झाला होता, दुसरा व्हायचा होता. पलीकडचा माणूस म्हणाला, "अकाउंट्समधल्या जागेसाठी तुमचा अर्ज आलाय. पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी मुलाखतीला येऊ शकाल?" मी "हो" म्हणाले. मग त्याने सहज विचारलं, "मध्ये गॅप किती वर्षांचा आहे म्हणालात?" मी म्हणाले, "नऊ." आणि त्या एका शब्दानंतर कोणी विचारलं नसताना बरंच काही बोलत सुटले. मुलं, घरातलं आजारपण, एकदा पुन्हा नोकरीला लागायचं ठरवलं होतं पण कसं जमलं नाही. तो बिचारा "बरं, बरं" करत होता. फोन ठेवल्यावर कळलं की त्याला फक्त एक आकडा हवा होता.

हातात बारा दिवस होते. त्या बारा दिवसांतलं कुठलं काम उपयोगी पडलं आणि कुठलं वाया गेलं, ते सांगते.

२०१५ साली मी नोकरी सोडली तेव्हा थोरली दोन वर्षांची होती. त्याआधी सहा वर्षं मी महिनाअखेरचं काम करत होते. म्हणजे बँक जुळवणी, येणी-देणी तपासणं, तरतुदी टाकणं आणि ठरलेल्या दिवशी पुस्तकं बंद करणं. हे काम मला येत होतं. येत होतं की येतं, इथेच गाडी अडत होती.

पहिले दोन दिवस बायोडाट्याची मांडणी करण्यात गेले, आणि खरं सांगायचं तर वायाच गेले. पाठवलेला बायोडाटा साधा होता, पण फोननंतर मला त्याची लाज वाटायला लागली. मग 'कौशल्यांनुसार' मांडणी केली. वर कौशल्यांचे मोठे रकाने, आणि तारखा पार खाली, बारीक अक्षरात. कुठेसं वाचलं होतं म्हणून घरातल्या वर्षांनाही एक पद दिलं, 'कुटुंब व्यवस्थापन व अंदाजपत्रक नियोजन'. मोठ्याने वाचून पाहिलं तर माझंच मला हसू आलं.

जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण आता स्वतः माणसं निवडते. तिला पाठवलं. तिचा फोन आला तोच चिडून. "अगं, असा बायोडाटा आला की आम्ही पहिल्यांदा काय करतो माहितीये? तारखा शोधतो. आणि शोधायला लागल्या की आधीच वाटतं, काहीतरी लपवलंय. सरळ ओळ लिही. २०१५ ते २०२४, मुलांच्या संगोपनासाठी पूर्णवेळ घरी. संपलं. आणि हे व्यवस्थापन-बिवस्थापन काढून टाक."

मग तिने विचारलं, "या नऊ वर्षांत हिशेबाला हातच लावला नाहीस?"

"नाही गं. म्हणजे आमच्या पालकांच्या वाचनालयाचं थोडंफार बघते."

"थोडंफार म्हणजे काय?"

थोडंफार म्हणजे तीन वर्षं. मुलांच्या पुस्तकांचं एक छोटं वाचनालय काही पालक मिळून चालवतो, त्याची वर्गणी, खरेदी आणि बँकेचं खातं माझ्याकडे आहे. रक्कम किरकोळ, म्हणून मी ते अर्जात घातलंच नव्हतं. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. एका महिन्यात नोंदवहीत ४६ जणांची वर्गणी जमा दिसत होती आणि बँक अधिक रोख मिळून पैसे ४३ जणांचेच होते. सगळ्यांना वाटलं, कोणीतरी पैसे दिले नाहीत. मी पावत्या एकेक करून जुळवल्या तर तिघांची नावं दोनदा लागलेली निघाली. त्यांनी पैसे खात्यात भरले होते, ती एक नोंद. वाचनालयात बसणाऱ्या बाईने ते पैसे आल्याचं पाहून त्यांना रोखीच्या पुस्तकातली पावती फाडून दिली, ती दुसरी. तेव्हापासून मी नियम केला की खात्यात भरलेल्या वर्गणीची पावती फक्त बँकेचा उतारा बघून, महिन्यातून दोनदाच काढायची. पुन्हा तसं झालं नाही.

"हे तू मला आता दोन मिनिटांत सांगितलंस," ती म्हणाली. "तिथेही हेच सांग. एका महिन्यात काय चुकलं, कसं सापडलं, पुढे काय बदललंस. रक्कम कोण विचारतंय?"

ती गोष्ट बायोडाट्यात दोन ओळींत बसली. मुलाखतीला जाताना नवी प्रत घेऊन जायचं ठरलं.

तिसऱ्या रात्री मुलं झोपल्यावर फोन पुस्तकांना टेकवून उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि स्वतःलाच विचारलं, "तुमच्याबद्दल सांगा." मग गॅपचा प्रश्न. मग आणखी तीन. दुसऱ्या दिवशी ऐकायला बसले. स्वतःचा आवाज ऐकणं कोणालाच आवडत नाही, पण मी कागद-पेन घेऊन बसले होते, मोजायला. हिशेबाच्या माणसाला मोजायला काहीतरी दिलं की तो शांत होतो.

'स्वतःबद्दल'चं उत्तर चार मिनिटं दहा सेकंदांचं होतं. त्यात अकाउंट्स हा शब्द पहिल्यांदा आला तो तीन मिनिटं उलटून गेल्यावर. गॅपचं उत्तर दोन मिनिटं वीस सेकंद. 'फक्त' हा शब्द सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये चौदा वेळा. फक्त सहा वर्षांचा अनुभव, फक्त वाचनालयाचे हिशेब, फक्त घरीच होते. 'थोडंफार' नऊ वेळा. आणि एक गोष्ट मोजता येत नव्हती पण ऐकू येत होती. गॅपचा प्रश्न एकदाच होता, तरी पाचही उत्तरांत मी स्वतःहून तिकडे वळत होते. एक्सेल येतं का, या प्रश्नाचं उत्तरसुद्धा "तेव्हा यायचं, पण आता इतकी वर्षं झाल्यावर..." असं सुरू होत होतं. म्हणजे माझ्या नऊ वर्षांचा पाढा समोरचा वाचत नव्हता, मीच वाचत होते.

मग गॅपचं उत्तर लिहून काढलं आणि कापायला घेतलं. पहिली कात्री कारणांवर चालवली. नोकरी का सोडली याची मी चार कारणं देत होते, आणि चार कारणं दिली की चारही खोटी वाटतात. एकच ठेवलं. दुसरी कात्री मध्यंतरीच्या हुकलेल्या प्रयत्नांवर. तिसरी शेवटावर, कारण माझं उत्तर कुठेच संपत नव्हतं, नुसतं विरत जात होतं. उत्तर नोकरीवर येऊन थांबलं तर पुढचा प्रश्न नोकरीचा येतो. घरावर थांबलं तर घराचाच येतो. शेवटी उरलं ते हे:

"२०१५मध्ये मी ठरवून नोकरी सोडली. मुलं लहान होती आणि मला पूर्णवेळ त्यांच्याबरोबर राहायचं होतं. आता दोघंही दिवसभर शाळेत असतात. गेली तीन वर्षं मी एका वाचनालयाचे हिशेब आणि बँक जुळवणी करते आहे, आणि मला महिनाअखेरच्या कामात परत यायचं आहे, म्हणून या जागेसाठी अर्ज केला."

घाई न करता म्हटलं तर अठरा सेकंद.

पाठ करणं सोपं होतं. अवघड होतं ते त्यानंतर गप्प बसणं. याची तालीम आधी नवऱ्याबरोबर केली आणि ती साफ फसली. तो प्रत्येक वाक्याला मान डोलावायचा, मी अडखळले की शब्द पुरवायचा, आणि शेवटी म्हणायचा, "छान बोलतेस की!" अशी मुलाखत घेणारा माणूस कुठे भेटतो? म्हणून थोरलीला बसवलं. तिला प्रश्नांचा कागद दिला आणि सांगितलं, हसायचं नाही, मान हलवायची नाही, माझं बोलून झालं की कागदावर काहीतरी लिहीत बस. अकरा वर्षांच्या मुलीला आईसमोर मख्ख चेहऱ्याने बसायची सूट मिळाली, तिने तिचं सोनं केलं. मी अठरा सेकंदांचं उत्तर संपवलं, ती खाली मान घालून लिहीत राहिली, आणि तिसऱ्या सेकंदाला माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे तसं मध्ये एकदा..." तिने वर न बघता म्हटलं, "परत."

सहाव्या वेळेला मी गप्प बसू शकले. युक्ती एवढीच की उत्तर संपलं की तोंड मिटून मनात चारपर्यंत मोजायचं. समोरचा लिहीत असतो, नाहीतर पुढचा प्रश्न शोधत असतो. ती शांतता त्याची असते, आपण भरायची नसते. (ती कागदावर नक्की काय लिहीत होती ते नंतर पाहिलं. माझ्या केसांचं चित्र होतं.)

आता विषयाचा अभ्यास. नऊ वर्षांत काय काय बदललं याची यादी करायला बसले आणि दोन पानं भरली. घाबरून ती यादी दोन भागांत फोडली, न बदललेलं आणि बदललेलं. न बदललेलं बरंच निघालं. नावे-जमा तेच, जुळवणी तीच, महिन्याचा खर्च त्याच महिन्यात धरायचा हे तत्त्वही तेच. बदललेल्यातलं सगळं बारा दिवसांत येणार नव्हतं. जाहिरातीत दोनच गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या, एक्सेल आणि भाडेकरारांचा हिशेब. तेवढ्याच धरल्या.

भाडेकरारांचा नियम मी सोडून गेल्यानंतर बदलला. पूर्वी साध्या भाड्याच्या जागेचं भाडं दरवर्षी खर्चाला टाकायचं आणि पुढच्या वर्षांची बांधिलकी टिपांमध्ये नमूद करायची, काम झालं. आयएफआरएस १६ हा नियम १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला आणि भाड्याने घेणाऱ्याला त्या जागेच्या वापराचा हक्क मालमत्ता म्हणून आणि पुढची भाडी देणं म्हणून ताळेबंदात दाखवावी लागू लागली. बारा महिन्यांपर्यंतचे करार आणि अगदी कमी किमतीच्या वस्तू यांना सूट घेता येते. हे वाचून समजलं. पण वाचून समजलेलं मुलाखतीत टिकत नाही, म्हणून एक उदाहरण हाताने सोडवलं.

तीन वर्षांचा करार, दरवर्षी अखेरीस १,००,००० भाडं, व्याजदर १० टक्के. तिन्ही भाड्यांची आजची किंमत ९०,९०९ अधिक ८२,६४५ अधिक ७५,१३१, म्हणजे २,४८,६८५. मालमत्ताही तेवढी, देणंही तेवढं. मालमत्ता तीन वर्षांत सारखी झिजवली की दरवर्षी ८२,८९५ घसारा. पहिल्या वर्षी देण्यावर व्याज २४,८६९. म्हणजे पहिल्या वर्षीचा खर्च १,०७,७६४, प्रत्यक्षात दिलेलं भाडं एक लाख असूनही. तिसऱ्या वर्षी व्याज उतरून ९,०९१ होतं आणि एकूण खर्च ९१,९८६ वर येतो. तिन्ही वर्षांची बेरीज मात्र बरोबर तीन लाख. ती बेरीज जुळली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसत होते. खिशातून जाणारे पैसे तेच, फक्त खर्च पुढच्या वर्षांतून मागच्या वर्षांत सरकतो. हे एक वाक्य त्या नियमाची पन्नास पानं वाचून मला मिळालं नसतं.

एक्सेलची गंमत निराळी होती. बोटांना सगळं आठवत होतं. `Alt+=` दाबून बेरीज टाकली तेव्हा ती कशी आली हे मला सांगता आलं नसतं, हात आपोआप गेला. म्हणून गाफील राहिले. सरावासाठी वाचनालयाच्याच नोंदी घेतल्या आणि सभासद क्रमांकावरून वर्गणीची रक्कम ओढायला हे लिहिलं:

```
=VLOOKUP(A2,$F$2:$H$200,3)
```

सगळ्या ओळी भरल्या. कुठे लाल काही नाही, चूक असल्याची खूण नाही. बेरीज मात्र बँकेशी जुळेना. अर्धा तास मी बँकेचा उतारा तपासत बसले, आणि दोष माझ्या सूत्रात होता. शेवटी `FALSE` लिहायचं राहिलं होतं. ते नसलं की एक्सेल जवळपासची नोंद चालवून घेतं आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून चालतं. माझी यादी तशी लावलेली नव्हती, त्यामुळे काही सभासदांना भलत्याचीच वर्गणी लागली होती. चूक दिसली असती तर बरं झालं असतं. ही तर बरोबर उत्तराचा वेष घालून बसली होती. आता `XLOOKUP` आलंय, ते न सांगताच तंतोतंत जुळणारी नोंद शोधतं, आणि मध्ये नवा रकाना घातला तरी बिघडत नाही. मी ते शिकले. पण जुन्या आवृत्तीत ते चालत नाही आणि चाचणीच्या संगणकावर काय असेल कोण जाणे, म्हणून `VLOOKUP`च्या शेवटी `FALSE` लिहायची सवय पुन्हा लावून घेतली. ज्यांना परत सुरुवात करायची आहे त्यांनी नवं शिकण्याआधी जुन्याची एकदा अशी झडती घ्यावी. हात आठवतात, पण हाताला सगळं आठवत नाही.

मुलाखतीच्या आधीच्या मंगळवारी एक रंगीत तालीम ठेवली. त्याच वेळी घरातून निघायचं, दोन तास बाहेर काढायचे, आणि घर माझ्याशिवाय चालतंय का बघायचं. जुनं जॅकेट दंडात घट्ट होतं, ते बाद केलं. बूट चावत होते, ते चालवून घेतले. निघून वीस मिनिटं झाली नाहीत तोच शाळेचा फोन. धाकटा पडला होता, गुडघा सोलवटला होता, विशेष काही नाही, पण येता का? मी गेले. परत येताना रागही आला आणि बरंही वाटलं, कारण हे त्या सोमवारी झालं असतं तर? नवरा म्हणाला, "मला का नाही करत ते फोन?" साधं कारण होतं. प्रवेशाच्या अर्जावर पहिला क्रमांक माझा होता आणि इतक्या वर्षांत तो बदलायचं आमच्या दोघांपैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्याने स्वतः अर्ज भरला आणि पहिला क्रमांक त्याचा लावला. बारा दिवसांतली सगळ्यात छोटी कामगिरी, आणि सगळ्यात जास्त पुरलेली.

(पँटचा दुसरा पाय अजून तसाच होता. धाकटा आठवडाभर पिन लावून शाळेत गेला.)

सोमवारी आधी अर्ध्या तासाची लेखी चाचणी होती. कागद उलटला आणि समोर बँक जुळवणी. इतकी जुनी ओळखीची की क्षणभर वाटलं, कुणीतरी मुद्दाम ठेवली. पुस्तकाप्रमाणे शिल्लक ८४,२५०. बँकेच्या उताऱ्याप्रमाणे ९१,३४०. दिलेले पण अजून बँकेत न वटलेले दोन चेक, ८,६०० आणि ३,१५०. भरणा केलेले पण उताऱ्यात न आलेले ४,०००. बँकेने कापलेलं ३०० शुल्क पुस्तकात नाही. शेवटी लिहिलं होतं, 'फरक राहिल्यास शोधा'.

बँकेच्या बाजूने ९१,३४० मधून ११,७५० वजा, ४,००० अधिक, झाले ८३,५९०. पुस्तकातून ३०० वजा, झाले ८३,९५०. फरक ३६०.

खाली महिन्याच्या चाळीसेक नोंदी आणि उतारा. वेळ उरला होता बारा मिनिटं. पहिल्या नोकरीत एका वयस्कर सहकाऱ्यांनी शिकवलेलं आठवलं. आधी फरकाइतकीच नोंद कुठे राहून गेली आहे का बघ. मग फरकाचं अर्ध बघ, कारण नावेची रक्कम जमेला पडली असेल तर फरक दुप्पट होतो. ३६०ची नोंद नव्हती. १८०चीही नव्हती. मग तिसरी पायरी, नऊने भाग जातो का? ३६० भागिले ९, चाळीस. शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. भाग गेला म्हणजे तेच झालं असं नाही, योगायोगानेही जातो. पण शोधायची दिशा मिळते. आणि ३६० म्हणजे ९० चोक. म्हणजे शतक आणि दशक यांची अदलाबदल झाली असेल तर त्या दोन अंकांत चारचा फरक हवा. ०४, १५, २६, ३७, ४८, ५९ किंवा त्यांची उलटी. चाळीस नोंदींत असा जोड असलेल्या तीनच होत्या. दुसरीच सापडली. पुस्तकात ५,३७०, उताऱ्यात ५,७३०. पुस्तकात खर्च कमी लिहिला म्हणून शिल्लक जास्त. ८३,९५० मधून ३६० गेले, ८३,५९०.

पेन खाली ठेवलं तेव्हा चार मिनिटं उरली होती. मी शेजारी लिहून ठेवलं, फरक कसा शोधला ते, तीन ओळींत.

आत दोघं होते. अकाउंट्सच्या प्रमुख बाई आणि मनुष्यबळ विभागातला, फोनवरचाच तो आवाज. गॅपचा प्रश्न त्यानेच विचारला. मी उत्तर दिलं आणि थांबले. तो लिहू लागला. एक. दोन. तीन. बाई माझा चाचणीचा कागद बघत होत्या. चार म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "हे नऊने भाग देऊन बघायचं तुम्हाला कुणी शिकवलं?" आणि पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी चुकलेल्या नोंदींबद्दल बोललो. वाचनालयाच्या ४६ आणि ४३ची गोष्ट त्यातच आली, मला ओढून आणावी लागली नाही.

मग त्याने विचारलं, "मुलं आजारी पडली तर कसं करता?" हा प्रश्न विचारावा की नाही यावर मला बरंच म्हणायचं आहे, पण तिथे म्हणाले नाही. म्हणाले, "आम्ही दोघं वाटून घेतो. शाळेचा पहिला फोन माझ्या नवऱ्याला जातो." त्याने ते लिहून घेतलं आणि विषय संपला. आठवड्यापूर्वी हेच उत्तर खोटं ठरलं असतं.

सगळं काही सुरळीत झालं नाही. भाडेकराराचं पहिल्या वर्षीच्या खर्चाचं मी नीट सांगितलं, आकड्यांसकट. पण बाईंनी पुढे विचारलं, करार मध्येच वाढवला तर? तिथपर्यंत मी पोहोचलेच नव्हते. "देणं पुन्हा मोजावं लागेल एवढं कळतं, पण मी ते करून पाहिलेलं नाही," असं सांगितलं. त्यांनी मान हलवली, ती कशासाठी ते कळलं नाही. आणि त्यांच्याकडे हिशेबाची कुठली प्रणाली आहे हे मी आधी विचारायला हवं होतं. नाव ऐकलं तेव्हा माझा चेहरा कोरा पडला असणार. मी तर मोकळेपणाने म्हणाले, "फक्त एक्सेलवरच..." आणि तो 'फक्त' तोंडातून निसटल्याचं मलाच ऐकू आलं.

घरी आल्यावर थोरलीने दारातच विचारलं, "किती वेळा म्हणालीस?"

"एकदा."

"गॅपला की दुसरीकडे?"

"दुसरीकडे."

तिने थोडा विचार केला. "मग चालेल," म्हणाली आणि आत गेली.

गुरुवारी दुसऱ्या फेरीचा फोन आला, बाईंकडूनच. या वेळी मी तीन गोष्टी विचारून घेतल्या: कोण असेल, किती वेळ, आणि प्रणालीवर काही करून दाखवायचं आहे का. करून दाखवायचं होतं. सहा दिवस होते. फोन ठेवला आणि करार वाढवल्यावर देणं पुन्हा कसं मोजतात, ते काढून बसले.